लग्नाची क्लिप फोनवर चालते, टीव्हीवर का नाही? तासगाव तालुक्यातल्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

घर तासगाव तालुक्यातल्या एका गावातलं, द्राक्षबागवाल्यांचं. खरड छाटणी उरकली आणि पाठोपाठ थोरल्या मुलीचं लग्न पुण्यात झालं. आजींचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळं त्यांना नेता आलं नाही. नातीचं लग्न त्यांनी फोनवर बघितलं, म्हणजे बघायचा प्रयत्न केला. मोतीबिंदू पिकायला लागलेल्या डोळ्यांना सहा इंची स्क्रीनवर काय दिसणार? "एवढ्याशा काचंत मला काय दिसतंय रं? त्या मोठ्या टीव्हीवर लाव की," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

टीव्ही 32 इंची, दहा वर्षांपूर्वीचा, साधा. स्मार्ट नाही. मागं दोन एचडीएमआय आणि बाजूला एक यूएसबी. घरात वायफाय नाही, नेट फोनच्या डेट्यावर. मुलीचे वडील (इथं त्यांना तात्या म्हणतो) यांच्या फोनमध्ये लग्नाच्या एकूण 38 क्लिपा होत्या. त्यातल्या 34 पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या. उरलेल्या चार मुलीच्या मामेभावानं त्याच्या महागड्या फोनवर काढलेल्या. तो घरी आला तेव्हा फोनला फोन लावून त्यानं त्या जशाच्या तशा तात्यांच्या फोनमध्ये टाकल्या. मंगलाष्टकांची 31 मिनिटांची सलग क्लिप यातलीच, आणि आजींना बघायची होती ती तीच.

मी मिरजेत बरीच वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग केलं आहे. तात्या नात्यातले, म्हणून फोन मला आला. लेक-जावई रविवारी यायचे होते, त्याआधी टीव्ही लागला पाहिजे. फोन आला तो गुरुवारी रात्री.

अडचण कशी उलगडत गेली

मला फोन येण्याआधी तात्यांनी तीन गोष्टी करून बघितल्या होत्या. तिन्ही फसल्या, पण प्रत्येकीचं कारण निराळं. त्यांना मात्र तिन्हींतून एकच अर्थ लागला: टीव्ही जुना झाला.

पहिलं म्हणजे सांगलीच्या बाजारातून आणलेली वायर. एका टोकाला फोनची सी-पिन, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. दुकानदार म्हणाला, सी-पिनच्या कुठल्याही फोनला चालते. ती लावून टीव्ही एचडीएमआय 1 वर घेतला तर पडद्यावर `No Signal`. तात्यांनी वायर उलटसुलट केली, दुसऱ्या एचडीएमआयला लावली, फोन बंद करून चालू केला. फरक शून्य.

घोळ वायरीत नव्हता. सी-पिन हा फक्त खाचेचा आकार आहे, आत काय जोडलंय ते त्यावरून कळत नाही. त्या खाचेतून चित्र बाहेर यायचं तर फोन बनवणाऱ्यानं आत डिस्प्लेपोर्टची सोय दिलेली असावी लागते, तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड म्हणतात. महागड्या फोनांत ती बऱ्याचदा असते. दहा-पंधरा हजारांच्या फोनांत सहसा नसते. त्यांची सी-पिन आतून जुन्या यूएसबी 2.0 चीच, म्हणजे चार्जिंग आणि फाइलींची देवाणघेवाण, बास. अशा फोनला कितीही भारी वायर लावली तरी चित्र येणार नाही, कारण फोन चित्र पाठवतच नाही.

दुसरा प्रयोग घरच्या चार्जिंगच्या वायरीचा. फोनमधून थेट टीव्हीच्या यूएसबीत. फोन चार्ज व्हायला लागला, पण टीव्हीच्या यादीत काही दिसेना. वरून नोटिफिकेशन ओढून `File transfer` निवडलं तरी तेच. टीव्हीला यूएसबीत पेन ड्राइव्ह हवी असते. पेन ड्राइव्ह आपली सगळी डिस्क टीव्हीच्या ताब्यात देते आणि टीव्ही ती स्वतः वाचतो. फोन तसं करत नाही. तो डिस्क स्वतःकडं ठेवतो आणि मागितलेली फाइल तेवढी देतो. या पद्धतीला एमटीपी म्हणतात. काही टीव्हींना ती समजते, यांच्या टीव्हीला समजत नव्हती.

मग तिसरा प्रयोग. नवी 64 जीबीची पेन ड्राइव्ह, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून सगळ्या क्लिपा भरून घेतलेली. टीव्ही तीसुद्धा ओळखेना. तेव्हा तात्यांनी जुनी 16 जीबीची काढली आणि ओटीजी लावून फोनमधूनच तिच्यात भरायला घेतलं. ही टीव्हीनं ओळखली. व्हॉट्सॲपवाल्या क्लिपा सुरू झाल्या, घरात आनंदीआनंद. पण मामेभावाच्या तीन क्लिपांवर `Unsupported File`, आणि मंगलाष्टकांची तर पेन ड्राइव्हवर कॉपीच होईना.

"व्हॉट्सॲपचं चालतंय, मग हे का नाही? दोन्ही एमपीफोरच हायत की," तात्या म्हणाले. अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता.

एमपीफोर म्हणजे डबा

`.mp4` हे फाइलीच्या डब्याचं नाव आहे. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून भरलंय ते या नावावरून कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. दहा वर्षांपूर्वीच्या टीव्हीतल्या चिपला एच.264 उलगडता येतं. ते 2003 पासून आहे आणि जवळजवळ सगळीकडं चालतं. त्यानंतरचं एच.265, म्हणजेच एचईव्हीसी, 2013 मध्ये आलं. तेवढ्याच दर्जाचं चित्र ते साधारण निम्म्या जागेत बसवतं, म्हणून नवे फोन जागा वाचवायला तेच वापरतात. टीव्हीच्या चिपमध्ये त्याची सोय नसेल तर टीव्ही तरी काय करणार?

आणि व्हॉट्सॲपचं का चाललं? व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो नव्यानं दाबतं आणि एच.264 मध्ये पुढं धाडतं. चित्र खराब होतं, पण टीव्हीला वाचता येतं. मामेभावानं क्लिपा थेट दिल्या, म्हणून त्या अस्सल राहिल्या आणि टीव्हीला कळेनाशा झाल्या. चांगली वस्तू नीट पोचवल्याचा हा तोटा!

शुक्रवारी संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन गेलो. चारही क्लिपा लॅपटॉपवर घेतल्या आणि व्हीएलसीत उघडून Ctrl+J दाबलं. ही खिडकी कुणालाही वाचता येते. मामेभावाच्या क्लिपांत `Codec` समोर `HEVC` आणि कंसात `hvc1`. रिझोल्यूशन 3840 बाय 2160, म्हणजे फोर-के. व्हॉट्सॲपच्या क्लिपांत तिथंच `H264` आणि `avc1`. निदान तिथंच झालं. मंगलाष्टकांची फाइल 5.3 जीबीची होती. ती कॉपी का होत नव्हती त्याचं कारण वेगळं: जुनी पेन ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेली होती, आणि फॅट32 वर 4 जीबीहून मोठी एक फाइल बसतच नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. नवी 64 जीबीची एक्सफॅटमध्ये निघाली. तिच्यावर मोठी फाइल बसते, पण हा टीव्ही एक्सफॅट वाचत नाही.

म्हणजे फाइल पेन ड्राइव्हवर बसत नव्हती आणि बसली असती तरी टीव्हीवर चालली नसती. एका दारात दोन कुलपं.

पर्याय तोलताना

पहिला पर्याय समोरच होता. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे. साधी एचडीएमआय वायर लावली आणि मंगलाष्टकं टीव्हीवर सुरू झाली, कारण उलगडायचं काम लॅपटॉप करत होता, टीव्ही फक्त चित्र दाखवत होता. टीव्ही, त्याचा एचडीएमआय, सगळं ठणठणीत आहे हेही त्यातून कळलं. पण लॅपटॉप माझ्याबरोबर मिरजेला जाणार, आणि आजी हे एकदा बघून थांबणार नव्हत्या. रविवारसाठी राखीव म्हणून तो पर्याय मनात ठेवला.

दुसरा, टीव्हीला एचडीएमआयमधून लावायचा अँड्रॉइड बॉक्स. त्यातले बरेचसे एच.265 उलगडतात आणि पेन ड्राइव्हही वाचतात. पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर हा वाईट नव्हता. पण त्याचा रिमोट वेगळा, मेनू वेगळा. आजींना टीव्हीचा रिमोट डोळे मिटून चालवता येतो, हे मी तिथं बसल्या बसल्या बघत होतो. शिवाय तात्यांनी आधीच एका वायरीत पैसे घातले होते. आणखी एक वस्तू आणा म्हणायला माझी जीभ रेटेना.

तिसरा तात्यांनीच सुचवला: मोठी क्लिप कापून दोन तुकडे करायचे. यात कुलूप एकच उघडतं. तुकडे फॅट32 वर बसले असते, पण आतलं एच.265 तसंच राहिलं असतं. फाइलचं नाव बदलून `.avi` करायचा सल्लाही त्यांना कुणीतरी दिला होता. त्यानं डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतला माल तोच.

चौथा, चारही क्लिपा एच.264 मध्ये बदलायच्या आणि रिझोल्यूशन 1080 वर आणायचं. तसं केल्यावर मंगलाष्टकांची फाइल दोन जीबीच्या आसपास येईल असा माझा हिशेब होता. म्हणजे 4 जीबीची अडचणही आपोआप सुटते. टीव्ही बदलायला नको, पेन ड्राइव्ह जुनीच, रिमोट तोच. हाच धरला.

काय केलं, आणि पहिल्यांदा काय चुकलं

आता माझी चूक. सवयीनं ffmpeg या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमला सरळ एच.264 करायला सांगितलं, आख्ख्या 31 मिनिटांच्या क्लिपवर. जुना लॅपटॉप, फोर-केची फाइल, त्यात मधे लाईट गेली म्हणून बॅटरीवर आणखी मंद. सव्वा तासाच्या वर वेळ गेला. जेवणं झाली, आजी खुर्चीत सरसावून बसल्या, मी पेन ड्राइव्ह लावली. पडद्यावर पुन्हा `Unsupported File`.

आजी काही बोलल्या नाहीत. तात्या म्हणाले, "टीव्हीच बदलू का मग?"

दहा मिनिटं मला उमगलं नाही. फाइल परत व्हीएलसीत बघितली तर एच.264 च होती. मग मूळ क्लिपची माहिती नीट वाचली. मामेभावाच्या फोनवर एचडीआर चालू होतं. एचडीआर क्लिपमध्ये प्रत्येक रंगाची पायरी 8 बिटऐवजी 10 बिटांत साठवलेली असते. ffmpeg ला वेगळं काही सांगितलं नाही तर तो एच.264 करतानाही 10 बिटच ठेवतो. असं 10 बिटांचं एच.264 कॉम्प्युटरवर आरामात चालतं, टीव्हीच्या चिपा मात्र ते जवळपास कुठंच घेत नाहीत. नाव बरोबर, आतली जात वेगळी.

या वेळी आधी फक्त 30 सेकंदांचा तुकडा केला:

```
ffmpeg -i mangalashtak.mp4 -t 30 -vf scale=-2:1080 -r 30 -c:v libx264 -profile:v high -level 4.1 -pix_fmt yuv420p -crf 21 -c:a aac -b:a 160k test.mp4
```

यातलं `-pix_fmt yuv420p` म्हणजे 8 बिट. माझं चुकलं होतं ते इथंच. `-level 4.1` हे जुन्या चिपांच्या ताकदीची मर्यादा सांगतं: 1080 चं चित्र, सेकंदाला 30 फ्रेम. म्हणून `-r 30` पण दिलं. 60 फ्रेमांची क्लिप असेल तर हे जुने टीव्ही बऱ्याचदा अडखळतात. `-crf 21` हा दर्जाचा आकडा, कमी केला तर चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आवाज एएसीमध्ये ठेवला, कारण एमपीफोरमधला एएसी बहुतेक टीव्ही घेतात.

तुकडा मिनिटाभरात झाला. पेन ड्राइव्हवर टाकला, टीव्हीला लावला, आणि अंतरपाटामागची नवरी 32 इंचावर उभी राहिली. मग `-t 30` काढून चारही क्लिपा रात्रभर लावल्या आणि मी तिथंच झोपलो. सकाळी मंगलाष्टकांची फाइल 2.1 जीबीची झाली होती.

ज्यांना कमांड टाइप करायची नाही त्यांच्यासाठी हँडब्रेक हा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात `Fast 1080p30` हा प्रीसेट निवडला की जवळपास हेच काम होतं.

वरातीची क्लिप निराळी निघाली. ती फोन उभा धरून काढलेली. फोन अशी क्लिप आडवीच साठवतो आणि फाइलमध्ये "दाखवताना वळव" अशी खूण ठेवतो. फोन ही खूण पाळतो, जुने टीव्ही पाळत नाहीत. व्हॉट्सॲपच्या क्लिपांतही एक अशी होती, आणि शुक्रवारी ती बघताना आजी मान खांद्याला टेकवून बसल्या होत्या. क्लिप नव्यानं बदलताना ffmpeg चित्र खरोखरच वळवून टाकतो, त्यामुळं दोन्ही सरळ झाल्या. मात्र उभं चित्र टीव्हीवर मधोमध एक पट्टी होऊन बसतं, दोन्ही बाजूंना काळं. त्याला इलाज नाही.

निष्पत्ती

रविवारी लेक-जावई आले, आजींनी मंगलाष्टकं पहिल्या अक्षतेपासून बघितली. आवाज, चित्र, पुढं-मागं करणं, सगळं टीव्हीच्या रिमोटवर. एक खोट राहिली. एचडीआरचं साध्या 8 बिटांत आणताना मी रंगांचा नीट मेळ घातला नव्हता, त्यामुळं सगळं थोडं फिकट दिसत होतं. आजींनी ते पहिल्या मिनिटात पकडलं: "शालू तर लालभडक घेतला हुता न्हवं? हा असा विटका का दिसतोय?" टीव्हीच्या मेनूत जाऊन `Colour` थोडा वाढवला तेव्हा त्यांचं समाधान झालं. माझं अर्धवटच.

सांगलीची वायर दुकानदारानं परत घेतली नाही. मामेभावाच्या फोनला ती चालायला हरकत नाही, म्हणून त्यालाच देऊन टाकली.

आता करायचं तर

वायर घेण्याआधी फोनच्या मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट किंवा व्हिडिओ आउट असं लिहिलंय का ते बघायला हवं होतं. यूएसबी 2.0 एवढंच लिहिलं असेल तर तो विषय तिथंच संपतो. किंवा दुकानात आपला फोन लावून चित्र आल्यावरच पैसे द्यायचे. तात्यांना हे मी गुरुवारी सांगितलं तेव्हा पैसे जाऊन चार दिवस झाले होते.

माझ्याकडून सव्वा तास फुकट गेला तो 30 सेकंदांची चाचणी आधी न केल्यानं. टीव्ही समोर होता, पेन ड्राइव्ह हातात होती, तरी मी कागदावरच्या फॉरमॅटवर विसंबलो. शिवाय हा टीव्ही 1366 बाय 768 चा आहे. 1080 ऐवजी 720 केलं असतं तर आजींना फरक कळला नसता आणि काम बरंच लवकर उरकलं असतं. पुढंमागं मोठा टीव्ही येईल म्हणून मी 1080 ठेवलं. हा निर्णय बरोबर होता की हौस होती, याबद्दल माझं मत दर आठवड्याला बदलतं.

टीव्ही काय सांगतोय ते आधी नीट वाचलं असतं तर निम्मी धावपळ वाचली असती. पेन ड्राइव्हच ओळखली नाही, तर बहुधा तिच्या फॉरमॅटचा घोळ. ओळखली पण फाइल यादीत नाही, तर डब्याचा. फाइल दिसते पण `Unsupported` येतं किंवा नुसता आवाज येतो, तर चित्राच्या कोडेकचा. चित्र येतं आणि आवाज नाही, तर आवाजाच्या कोडेकचा, आणि तेव्हा चित्राला हात न लावता `-c:v copy -c:a aac` एवढं दिलं तरी भागतं, काम पाच मिनिटांत होतं.

मामेभावाला सांगून ठेवलंय की डोहाळजेवणाच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद कर, आणि हाय एफिशियन्सी असेल तर तेही. आयफोन असेल तर `Camera` मधल्या `Formats` खाली `Most Compatible`. फोर-केही नको, 1080 आणि 30 फ्रेम पुरेत. तो म्हणाला, "दादा, मग एवढा फोन घेतला कशाला?"

टीव्हीच्या मागं तात्यांनी पिठाच्या खळीनं एक कागद चिकटवलाय. त्यावर निळ्या पेनानं लिहिलंय: "बाजूचं यूएसबी. 16 ची पेन ड्राइव्ह. फॅट32. एच264. 64 ची लावू नये."